चाळीस हजार आता, की सत्तर हजार कधीतरी?

"कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबचं २ लाख ४० हजारांचं काम ठरलं. १ लाख २० हजार ॲडव्हान्स दिला. सांगाडे उभे करून कॉन्ट्रॅक्टर गायब झाला, त्याला १४ महिने झाले. माझ्या हिशोबाने ७० हजार परत यायला हवेत. तो दोन हप्त्यांत ४० हजार द्यायला तयार आहे. वकील २५ हजार फी सांगतात. मेहुणे म्हणतात, केस कर, तत्त्वाचा प्रश्न आहे. काय करू?"

मेहुण्यांना विचारा, फीमध्ये निम्मे भरणार का. नसतील, तर तत्त्व बाजूला ठेवून आकडे मांडू.

हा ग्राहक आयोगाचा विषय आहे. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल फी शून्य आहे आणि वकील सक्तीचा नाही. समजा अडीच वर्षांनी निकाल तुमच्या बाजूने लागला: मूळ ७० हजार, ८ टक्क्यांनी व्याज १४ हजार, खर्चापोटी ५ हजार, म्हणजे ८९ हजार. पण हा झाला कागदावरचा आकडा. सिद्ध होणं आणि वसूल होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तुमच्याकडे कोटेशन, यूपीआयच्या नोंदी आणि अर्धवट कामाचे फोटो असतील तर पहिली पायरी सोपी. माणूस भाड्याच्या गाळ्यात, रोखीत धंदा करणारा असेल तर दुसरी अवघड. दोन्ही मिळून मी निम्मी शक्यता धरतो. तो माझा अंदाज आहे, तुम्ही तुमचा घाला. म्हणजे ४४,५०० रुपये, तेही अडीच वर्षांनी. एफडीच्या ७ टक्क्यांनी मागे आणले तर आजचे साधारण ३७,५००. वकिलाचे २५ हजार वजा केले की हातात साडेबारा हजार. स्वतः केस चालवलीत आणि झेरॉक्स, रिक्षा, अर्ध्या दिवसाच्या रजा मिळून ५ हजार धरले, तर साडेबत्तीस हजार.

वकील लावून केस करण्याचा विषय इथेच संपतो. पण म्हणून ४० हजार लगेच घेऊ नका.

त्याची ऑफर दोन हप्त्यांची आहे. पहिले २० हजार आज मिळतील. दुसरे २० हजार देणार तोच माणूस, जो १४ महिने फोन उचलत नव्हता. त्या हप्त्याला मी साठ टक्क्यांहून जास्त देणार नाही, म्हणजे १२ हजार. एकूण ३२ हजार. तुम्ही स्वतः केस केलीत तरी जवळपास तेवढेच! पुढच्या तारखेचा चेक घेतलात आणि तो परतला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, १५ दिवस वाट आणि मग एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार, म्हणजे पुन्हा केसच.

म्हणून आकड्यापेक्षा पैसे कसे येणार यावर घासाघीस करा. एकरकमी देत असेल तर ४० ला हो म्हणा. ताणून पाहायचंच असेल तर ५५ पासून सुरुवात करून ४५ वर या. ३५ च्या खाली उतरू नका. हप्तेच हवेत म्हणाला तर तडजोड घरच्या कागदावर करू नका. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे दाखलपूर्व अर्ज करा, फी लागत नाही. ते त्याला बोलावतात. दोघांचं जमलं तर लोकअदालतीत निवाडा होतो. त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही. दुसरा हप्ता चुकला तर नव्याने काही सिद्ध करावं लागत नाही, थेट वसुलीची दरखास्त लावता येते. वसुलीची कटकट राहतेच, पण पहिली पायरी वाचते. अशा हप्त्याला मी ऐंशी टक्के देईन, म्हणजे तीच ऑफर ३६ हजारांची होते. तो आलाच नाही, तर एखादी चक्कर आणि काही आठवडे गेले, इतकंच.

मात्र कॅलेंडरवर नजर ठेवा. ग्राहक तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्याकडे दहा महिने उरलेत आणि बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. "दिवाळीनंतर बघू" असं दोनदा ऐकलंत की मुदत संपत येते, आणि हे समोरच्यालाही माहीत असतं. चार महिन्यांत पैसे हातात आले नाहीत, तर स्वतःच तक्रार दाखल करा. बऱ्याचदा आयोगाची नोटीस हातात पडल्यावरच माणूस खरं बोलायला बसतो, आणि तिथेही मध्यस्थीची सोय आहे.

आज त्याला व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा: "४० हजार एकरकमी, या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत खात्यात. नाहीतर लोकअदालतीत हप्ते लिहून देऊ." आणि "आता काही येणं नाही" अशा कागदावर पैसे जमा झाल्याचा मेसेज पाहिल्याशिवाय सही करू नका.