गेममधलं दुःख सिनेमापेक्षा जास्त का लागतं? आपण निवड करतो म्हणून?

निवडीमुळे लागतंच, पण त्याहून जास्त लागतं ते निवड हातातून काढून घेतल्यावर. २०१३ चा ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ घ्या (पुढे शेवट उघड होतोय). त्यात कंट्रोलरची डावी काडी मोठ्या भावाला चालवते, उजवी धाकट्याला. धाकट्याला पाण्याची भीती, म्हणून तो मोठ्याला धरून पाणी ओलांडतो. पुढे मोठा मरतो, आणि त्याच्यावर माती आपल्यालाच लोटावी लागते. त्यानंतर डाव्या हाताला कामच उरत नाही. मग पाणी आडवं येतं, धाकटा थबकतो, उजव्या बटणाने काही होत नाही. मोठ्या भावाचं डावं बटण दाबलं की तो पोहायला लागतो. ही उणीव बोटांना जाणवते, आणि प्रेक्षक म्हणून ती जाणवणं शक्य नाही. हा मृत्यू कोणत्याही निवडीने टळत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. टळला असता तर शोकाऐवजी अपराधीपणा वाटला असता, आणि आपण जुना सेव्ह उघडून बसलो असतो. मात्र हा परिणाम कंट्रोलरवरच नीट साधतो. कीबोर्डवर एकेका हाताला एकेक भाऊ अशी सवय तितकी मुरत नाही.