कागदावर नाही, ती गोळी बंद समजायची का?

“मॅडम, मामाजींची सुट्टी झाली. कागदावर नव्या गोया लिवल्या, घरच्या डब्यात जुन्या हायेतच. कोनत्या देवाच्या अन् कोनत्या बंद कराच्या?”

ग्रामीण रुग्णालयात हे मी इतक्यांदा ऐकते की आता आधी विचारते, “सध्या काय देतेस?” यवतमाळकडच्या एका सुनेने खाली मान घालून सांगितलं, “दोन्ही.” सासऱ्यांना नागपुरात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला होता.

मोबाइलमधल्या फोटोत कागदाची घडी नेमकी डोसाच्या रकान्यावर आली होती आणि खालची कडा कापली गेली होती. मी तिला म्हटलं, कागद उजेडात सपाट ठेव, चारही कोपरे आणि मागची बाजू येईल असा फोटो काढ, आणि डबाही घेऊन ये.

दुसऱ्या भेटीत मी उत्तर दिलं नाही. उत्तर माणसाच्याच तोंडून यावं, असा माझा जुना हट्ट आहे. तिला एवढंच सांगितलं, कंपनीचं नाव सोड, गोळ्यांच्या पत्त्यावरची बारीक अक्षरं वाच. मेटोप्रोलॉल घरी 25 होती, कागदावर 50. “म्हंजे हे बदलली,” ती म्हणाली. नव्या कॅप्सूलवर तीन नावं होती. ती एकेक अक्षर जुळवत राहिली आणि थांबली. “अ‍ॅस्पिरिन 75... हे तं जुनीतबी हाये!” मामाजींच्या हातावर निळे डाग का उठत होते, ते तिला तिथेच उमगलं. नावं दोन, आतली गोळी एकच, आणि रक्त पातळ करणारी, तीही दुप्पट. तरी ती कॅप्सूल आपल्या मनाने थांबवायची नाही, हे मी बजावलं. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. डाग दाखवायला तिला लगेच आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सुटी अ‍ॅस्पिरिन बंद केली.

मग माझ्या लक्षात आलं, ही बाई निष्काळजी नव्हती. पैसे मोजून आणलेला पत्ता टाकून देणं तिच्या जिवावर येत होतं. म्हणून टाकायला सांगितलंच नाही. बंद झालेल्या जुन्या गोळ्या वेगळ्या पिशवीत, गाठ मारून, वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं.

उरल्या दोन, ज्यांचा कागदावर उल्लेखच नव्हता: बीपीची अ‍ॅम्लोडिपिन आणि गुडघ्यांसाठीची डायक्लोफेनॅक. “नाही लिवली म्हंजे बंद ना?” यावर मीही उत्तर देऊ शकत नाही, तो माझा अधिकार नाही. कागदावर दवाखान्याचा नंबर होता. “डॉक्टर रागावतीन,” म्हणत ती फोनशी खेळत बसली. मी म्हटलं, चूक विचारू नको, फक्त दोन नावं वाचून दाखव.

तिने फोन लावून वाचली. पलीकडून उत्तर आलं: डायक्लोफेनॅक बंदच करायची होती, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत ती पोटात रक्तस्राव करू शकते आणि हृदयालाही बरी नाही. अ‍ॅम्लोडिपिन मात्र लिहायची राहून गेली होती, ती चालू ठेवायची होती.

तिने पेन मागितला, कागदावर दोन्ही नावांपुढे ‘बंद’ आणि ‘चालू’ लिहिलं, तारीख टाकली आणि न सांगता फोटो पुन्हा काढला.