पहिली रेघ काळ्या मोत्यापासून, आणि काठाशी दुसऱ्या ओळीतला काळा मोती सोडू नका

प्रश्न: मास्यूचे नियम कळतात, पण कोडं समोर आलं की पहिली रेघ कुठे ओढायची तेच सुचत नाही. सुरुवातीला अंदाज लावावाच लागतो का?

उत्तर:

नाही. निदान पहिल्या दहा-पंधरा रेघांपुरता तरी अजिबात नाही. हे इतकं ठासून सांगते, कारण याच प्रश्नावरून माझं माझ्या आतेभावाशी जे वाजलं ते आजही मिटलेलं नाही.

मास्यू म्हणजे चौकटीतल्या सगळ्या मोत्यांतून जाणारी, कुठेही न छेदणारी एकच बंद रेघ ओढायचं कोडं; त्या रेघेला मी माळ म्हणते. मी मास्यू सोडवते त्यापेक्षा जास्त रचते. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, बस. काही वर्षांपूर्वी खाली दिलेलं सहा बाय सहाचं कोडं रचलं आणि कौतुकानं दादाच्या हातात दिलं. दहा मिनिटांत तो कागद घेऊन परत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अगं, तुझ्या कोड्याला दोन उत्तरं आहेत." कोडं रचणाऱ्याला याहून लागणारं वाक्य नाही. उत्तर एकच असलं पाहिजे, नाहीतर ते कोडंच नव्हे. आणि वाईट म्हणजे त्यानं ओढलेली माळ मी तिथल्या तिथे खोडून काढू शकले नाही.

```
.  .  .  .  ○  .
.  ●  .  .  .  ○
.  .  .  .  .  .
.  .  .  .  .  .
○  .  .  .  ●  .
.  ○  .  .  .  .
```

घरांना आधी ओळ मग रकाना असे आकडे देते. म्हणजे काळे मोती २-२ आणि ५-५ वर, पांढरे १-५, २-६, ५-१ आणि ६-२ वर.

काळ्या मोत्यावर रेघ वळते, हे सगळ्यांना पाठ असतं. उरलेला अर्धा नियम मात्र हातून निसटतो: वळणाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही घरांतून रेघ सरळ गेली पाहिजे. मी तो असा लक्षात ठेवते: काळ्या मोत्याला दोन हात असतात, एक उभा आणि एक आडवा, आणि प्रत्येक हात कमीत कमी दोन घरं लांब असतो.

आता २-२ कडे बघा. उभा हात वर न्यायचा म्हटलं तर वर एकच घर आहे, १-२. दुसरं घर चौकटीच्या बाहेर पडतं. म्हणजे वरची बाजू बंद. उभा हात तर हवाच, मग तो खालीच जाणार: २-२, ३-२, ४-२. डावीकडेही तीच गत, तिथेही एकच घर. म्हणून आडवा हात उजवीकडे: २-२, २-३, २-४. काहीही न आजमावता चार रेघा पक्क्या झाल्या. ५-५ चा मोती उजव्या आणि खालच्या काठापासून असाच एक घर आत आहे, त्यामुळे त्याचा एक हात डावीकडे ५-३ पर्यंत आणि दुसरा वर ३-५ पर्यंत जातो. आणखी चार.

अगदी काठावरचा काळा मोती कुणालाही दिसतो, कारण तिथे भिंतच असते. दुसऱ्या ओळीतला मोती मोकळा वाटतो, चारही बाजूंना घरं दिसतात, आणि तिथेच लोक अंदाजाला लागतात. खरं तर त्याच्यावर भिंतीचा जोर तेवढाच आहे, फक्त तो एक घर आतपर्यंत पोचलेला आहे.

पांढऱ्यांचं सोपं आहे. पांढऱ्या मोत्यातून रेघ सरळ जाते, म्हणून काठावरचा पांढरा मोती रेघेला काठालगतच नेतो. १-५ मुळे १-४, १-५, १-६ जोडले गेले. १-६ हा कोपरा आहे, तिथून खाली वळण्यावाचून गत्यंतर नाही. खाली २-६ वर पुन्हा पांढरा, म्हणून सरळ ३-६ पर्यंत. पांढऱ्याच्या एका तरी बाजूच्या घरात वळण हवं, ते दोघांनाही त्या कोपऱ्यानं दिलं. समोरच्या कोपऱ्यात याचंच प्रतिबिंब: ६-३, ६-२, ६-१, ५-१, ४-१.

इथपर्यंत सोळा रेघा झाल्या. पूर्ण माळ वीस रेघांची आहे. राहिल्या चार, आणि अजून कुठेही "बघू या जमतंय का" केलेलं नाही.

आता माळेचे चार सुटे तुकडे आहेत. १-४ चं टोक एक तर खाली २-४ ला जाईल, नाहीतर डावीकडे १-३ ला. १-३ ला गेलं की त्याला सुटका नाही. २-३ मधून रेघ आधीच गेलेली आहे, त्यामुळे १-२, १-१, २-१, ३-१ असं भिंतीलगत फिरून थेट ४-१ लाच यावं लागतं. खाली उजवीकडे ३-६ आणि ६-३ यांच्यामध्येही अशीच एक बोळ आहे. वरची बोळ वापरली तर खाली दोनच शक्यता राहतात: खालची बोळ वापरायची, किंवा दोन्ही टोकं ५-५ च्या तुकड्याला जोडायची. दोन्हींत माळ मिटते आणि २-२ चा मोती बाहेर राहतो. म्हणून वरची बोळ बाद. खालची वापरली तर त्याच न्यायानं ५-५ बाहेर राहतो, म्हणून तीही बाद. आता १-४ ला २-४, ४-१ ला ४-२, ३-६ ला ३-५ आणि ६-३ ला ५-३ जोडा. झालं. बोळांतली घरं रिकामी राहिली, पण मास्यूत प्रत्येक घरातून जायची सक्ती नसतेच.

मग दादाचं दुसरं उत्तर कुठून आलं? त्यानं २-२ पासून उजवीकडे २-४ पर्यंत बरोबर नेलं, पण दुसरा हात वर काढला: १-२, तिथून वळून १-१, मग २-१, ३-१, ४-१. बाकी सगळं माझ्यासारखंच. माळ अखंड, कुठेही छेद नाही, साही मोती तिच्यावर, काळ्यांवर वळण, पांढऱ्यांतून सरळ. मी अर्धा तास बघत होते. बाकीच्यांनी एव्हाना मान डोलावून त्याच्या बाजूनं निकालही दिला होता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डोळ्यासमोर आलं: १-२ मध्ये रेघ वळलेली आहे. काळ्या मोत्याला लागून असलेलं घर, जिथून ती सरळच जायला हवी होती. हात दोन घरांचा हवा, त्यानं एका घराचा काढला होता.

सकाळी त्याला दाखवलं तर म्हणतो, "बाजूच्या घराचा एवढा काय बाऊ करतेस? मोत्यावर वळलो ना मी?" मुद्दा हाच आहे. बाजूच्या घराची अट काढून टाकली की २-२ चा मोती खाली-वर कुठेही वळू शकतो आणि कोड्याला खरंच एकापेक्षा जास्त उत्तरं निघतात. पहिली रेघ जी सक्तीनं मिळते ती याच अटीतून मिळते. तुम्ही लिहिलंय की नियम कळतात. माझा अनुभव असा की सुरुवात अडणाऱ्यांपैकी बहुतेकांना काळ्याचा अर्धाच नियम कळलेला असतो. सोडवून झालं की प्रत्येक काळ्या मोत्याचे दोन्ही हात मोजा. एखादा हात दुसऱ्या घरापर्यंत सरळ पोचत नसेल, तर माळ कितीही सुंदर दिसू दे, चूक तिथेच आहे.

म्हणूनच मी सांगते, आधी काळे, मग पांढरे. निकोली या जपानी कोडी-प्रकाशकाच्या नियतकालिकात हे कोडं पहिल्यांदा आलं तेव्हा त्यात फक्त पांढरे मोती होते, काळे नंतर आले. माझ्या मते कोड्यात खरी जान काळ्यांमुळेच आली.

काठ जवळ नसेल तर मोत्यांच्या आपसातल्या जागा बघा. दोन काळे शेजारी शेजारी असले तर ते एकमेकांना जोडले जाऊच शकत नाहीत. जोडले तर एकाच्या लगतच्या घरातून सरळ जायला हवं, आणि त्या घरात तर दुसरा काळा वळायला बसलेला आहे. म्हणून दोघांचेही हात एकमेकांकडे पाठ करून, दोन दोन घरं. काळा, मग एक रिकामं घर, मग लागून दोन पांढरे असं दिसलं की काळ्याचा हात त्या दिशेला जाणार नाही. गेला तर पहिल्या पांढऱ्याच्या दोन्ही बाजूंना रेघ सरळच राहते, त्याला वळण मिळत नाही. तीन पांढरे एका ओळीत लागून आले तरी हेच कारण मधल्याला लागू पडतं, म्हणून तिघांतूनही रेघ आडवी न जाता उभी जाते. दोनच पांढरे असतील तर मात्र काहीच ठरत नाही. हा तिघांचा नियम दोघांना लावून कोडं बिघडवलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. अपवाद फक्त काठावरचा: तिथे लागून दोन पांढरे असतील तर रेघ दोघांतून काठालगत जाते आणि दोन्ही टोकांना लगेच आत वळते.

एक गोष्ट दादाच्या बाजूनं कबूल करते. मोठ्या, विरळ कोड्यात असं काहीच न सापडणं शक्य आहे. गणितज्ञ एरिक फ्रीडमन यांनी २००२ साली मास्यू एनपी-पूर्ण असल्याचं, म्हणजे हमखास झटपट सोडवायची रीत कुणालाच माहीत नसलेल्या प्रश्नांपैकी असल्याचं, दाखवलं आहे, तेव्हा चार-पाच आकृत्या पाठ करून सगळीच कोडी सुटतील असं मी म्हणणार नाही. मग एखादी बाजू धरून "इकडे गेली तर?" असं दोन-तीन घरं पुढे मनात चालवावं लागतं. दादा त्यालाही अंदाजच म्हणतो. मी म्हणत नाही. मनात चालवून विसंगती सापडली की ती बाजू पुराव्यानं बंद होते. कागदावर रेघ ओढून मग निभते का बघणं, हा अंदाज.

बंद झालेल्या बाजूवर लगेच बारीक फुली मारत चला, रेघ ओढण्याच्याही आधी. २-२ च्या डोक्यावर ती फुली असती, तर दादाची पेन्सिल तिकडे वळलीच नसती.