सायकल काउंटिंग की वर्षातून एकदा पूर्ण मोजणी?

प्रश्न: आमच्या गोडाऊनमध्ये २४०० आयटम आहेत. दरवर्षी ३१ मार्चला दोन दिवस काम बंद ठेवून सगळा स्टॉक मोजतो. सायकल काउंटिंग, म्हणजे वर्षभर रोज थोडे थोडे आयटम मोजणं, सुरू केलं तर ही मोजणी बंद करता येईल का? नक्की काय निवडावं?

उत्तर: आयटम किती आहेत यावरून हे ठरवू नका. माल हलल्यापासून त्याची नोंद होईपर्यंत तुमच्याकडे किती वेळ जातो, त्यावर ठरवा.

मी भोसरीत बेअरिंग आणि हार्डवेअरचं स्टोअर सांभाळते. सायकल काउंटिंगचा पहिला प्रयत्न आमच्या अंगाशी आला तो याच कारणाने. सकाळी एका आयटमचे ४० नग आले आणि लगेच रॅकवर लागले, पण जीआरएन, म्हणजे माल आल्याची सिस्टीममधली नोंद, संध्याकाळी व्हायचं होतं. दुपारी मोजणाऱ्याला ४० नग जास्त दिसले, म्हणून त्याने सिस्टीममध्ये ४० वाढवले. संध्याकाळी जीआरएन झालं आणि आणखी ४० वाढले. न मोजता सोडलं असतं तर संध्याकाळी स्टॉक बरोबर दिसला असता. मोजल्यामुळे तो चुकला. ३१ मार्चला काम बंद असतं आणि राहिलेली चलनं आधी चढवून घेतात, म्हणून तिथे हा घोळ कमी होतो.

तेव्हा आधी एक चाचणी करा. सारखे हलणारे ५० आयटम निवडा आणि महिनाभर रोज तेच मोजा. मोजणाऱ्याला सिस्टीममधला आकडा दाखवू नका, नाहीतर त्याची मोजणी त्या आकड्याशी जुळेपर्यंत चालते. फरक आला की दुरुस्तीची नोंद लगेच करू नका. आधी त्या आयटमची कालपासूनची आवक-जावक काढा. महिन्याच्या शेवटीही त्याच ५० मध्ये नवे फरक निघत असतील, तर तुमचा दोष पावत्या आणि जागांच्या शिस्तीत आहे. तो सुधारेपर्यंत वार्षिक मोजणीच ठेवा.

हे बसलं की सायकल काउंटिंगचा खरा फायदा दिसतो, आणि तो दोन दिवस वाचण्यापेक्षा मोठा आहे: चूक ताजी असताना सापडते. आमच्याकडे ६२०५ झेडझेड बेअरिंग एकदा २० ने कमी भरलं. दोनच आठवड्यांपूर्वी ते मोजलं होतं, त्यामुळे मधल्या मोजक्याच नोंदी तपासायच्या होत्या. शेजारच्या बिनमध्ये ६२०५ टूआरएस बरोबर २० जास्त निघाले. दोन्हींचं माप एकच, २५ × ५२ × १५ मिमी, आणि खोकी सारखीच. फरक फक्त कडेच्या झाकणाचा, एकाला पत्र्याचं आणि दुसऱ्याला रबराचं. माल लावणाऱ्याने दोन्ही एकत्र ठेवले होते. आम्ही दोन्ही बिन वेगळ्या रॅकवर हलवले. हाच फरक मार्चमध्ये निघाला असता तर एकाला घट, दुसऱ्याला वाढ लिहून मोकळे झालो असतो. एकूण रकमेत तो जवळजवळ दिसलाही नसता, आणि एखाद्या ग्राहकाला चुकीचं बेअरिंग गेलंच असतं.

आता तुमच्या २४०० आयटमचा हिशोब. वर्षभरात ज्यांची उलाढाल रुपयांत सर्वात मोठी, असे २४० आयटम दर दोन महिन्यांनी मोजा. पुढचे ५६० वर्षातून दोनदा आणि उरलेले १६०० एकदा. म्हणजे १४४०, ११२० आणि १६०० मिळून ४१६० मोजण्या. २८० कामाच्या दिवसांत दिवसाला १५ येतात. सकाळी पहिली गाडी लागण्याआधी एक माणूस त्या उरकतो. त्यातही ज्या आयटमचा स्टॉक संपत आलाय तो आधी घ्या. १२ नग मोजायला मिनिट लागतं, ३००० मोजायला तास.

एक गोष्ट मात्र यातून सुटते. यादीप्रमाणे मोजणारा माणूस यादीतलेच आयटम शोधतो. चुकीच्या रॅकवर पडलेलं किंवा कुठेच नोंद नसलेलं खोकं त्याच्या वाटेला येत नाही. म्हणून आठवड्यातून एक दिवस यादी बाजूला ठेवून अख्खा रॅक मोजा, त्यावर जे असेल ते सगळं.

३१ मार्चची मोजणी बंद करायची की नाही, हे तुमच्या सीएंशी बोलल्याशिवाय ठरवू नका. ऑडिटरने अहवालात काय लिहायचं ते ठरवणारा सरकारी आदेश, सीएआरओ २०२०, तुमच्या कंपनीला लागू असेल, तर मोजणी वाजवी अंतराने झाली का आणि मालाच्या एखाद्या वर्गात १० टक्के किंवा त्याहून जास्त फरक निघाला का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. मोजणी ३१ मार्चलाच हवी असं तिथे म्हटलेलं नाही. पण स्टॉकची रक्कम मोठी असेल तर ऑडिटर स्वतः मोजणीला हजर राहून बघतात, आणि रोजच्या मोजणीवर विश्वास ठेवायला त्यांना तारखेसकट कागद लागतात: कोणी मोजलं, किती निघालं, फरकाचं कारण काय आणि दुरुस्तीला मंजुरी कोणाची. आम्ही पहिलं वर्ष दोन्ही केलं. मार्चच्या मोजणीत नवं काही निघालं नाही, तो तक्ता सीएंना दाखवला, आणि मगच पुढच्या वर्षी गोडाऊन चालू ठेवलं.