वीस मिनिटांत काळी होते ती मेंदी कसली?

प्रश्न : आईची त्वचा नाजूक आहे. अमोनिया नसलेला डाय चालेल ना?

परवा एका ताईंनी सासूबाईंसाठी नेमका असाच डाय मागितला. मी विचारलं, "आधी कधी त्रास झालाय?"

"एकदाच. रात्री लावला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कान नि पापण्या सुजल्या. पण तो अमोनियावाला होता."

"लावताना चुरचुरलं?"

"छे, तेव्हा काहीच नाही."

इथंच उत्तर मिळालं. अमोनियाची जळजळ लावतानाच होते आणि डोकं धुतलं की ओसरते. एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, सूज आली तर ती ॲलर्जी, आणि डायच्या बाबतीत बहुतेक वेळा तिचं कारण पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन. अमोनिया केसाचा वरचा थर फुलवतो, गडद रंग पीपीडीतून तयार होतो. त्यामुळे 'नो अमोनिया' लिहिलेल्या खोक्यातही पीपीडी असू शकतो. मी खोकं उलटं करून बारीक अक्षरांतलं ते नाव दाखवलं. ताईंनी खोकं परत केलं आणि म्हणाल्या, "मग काळी मेंदी द्या."

प्रश्न : काळी मेंदी तर नैसर्गिक असते ना?

मेंदीच्या पानातून तांबूस-केशरी रंगच येतो, तोही काही तासांनी. वीस मिनिटांत केस काळे करणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी मिसळलेला असतो. पुडीवर हिरवं पान छापलेलं असलं तरी घटकांची यादी वाचा, आणि यादीच नसेल तर घेऊ नका.

खरा वनस्पतीजन्य काळा रंग दोन टप्प्यांत येतो : आधी मेंदी काही तास, ती धुतल्यावर नीळीच्या पानांची पूड. नीळ आयत्या वेळी कोमट पाण्यात भिजवायची, रात्रभर ठेवली तर तिचा जोर जातो. डायसारखा एकसारखा काळा रंग मात्र येत नाही, हे सासूबाईंना आधीच सांगा असं मी ताईंना बजावलं.

प्रश्न : पॅच टेस्ट केली की निर्धास्त?

पूर्वी सूज आलेली असेल तर पीपीडीच्या डायची टेस्ट घरी करूच नका, थेंबभरानंही पुन्हा भडका उडू शकतो. अशांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. पीपीडी नसलेल्या काही डायमध्ये त्याचाच भाऊबंद टोल्यूइन-डायअमीन असतो, तोही अनेकांना बाधतो.

इतरांनी पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आत लावून 48 तास थांबावं. लोक अर्ध्या तासात "काही नाही झालं" म्हणून डोक्याला लावतात, तिथं फसतात. दरवेळी टेस्ट हवी, कारण वर्षानुवर्षं चाललेला डायही एक दिवस बाधू शकतो. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर दुकानात गोळी मागायला येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

ताईंनी शेवटी मेंदी आणि नीळ अशा दोन पुड्या नेल्या. त्यांचीही टेस्ट करायला सांगितलं आहे.