आवाज बंद असतानाही जाहिरात कळली पाहिजे

प्रश्न: "बीबीएफ पेरणी यंत्र भाड्याने देतो, दारव्हा तालुक्यात. २२ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मी स्वतः बोललो आहे. लोक पाहतात, पण फोन कोणी करत नाही. खाली बोलण्याच्या ओळी टाकल्या तर फरक पडेल का?"

भाऊ, पडेल, पण बोललं तसंच्या तसं खाली लिहून नाही. फीडमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होतो तो बहुतेक वेळा मुका. तुमचे पहिले चार सेकंद "नमस्कार शेतकरी बांधवांनो" यात जातात. तेच खाली उमटलं, तर बोट वर सरकेपर्यंत माणसाला फक्त नमस्कार मिळाला. म्हणून पहिल्याच फ्रेमपासून मोठ्या अक्षरात लिहा: "बीबीएफ पेरणी यंत्र भाड्याने" आणि खाली "दारव्हा तालुका". नमस्कार बोलायला हरकत नाही, लिहायची गरज नाही.

पुढचं बोलणं तोडून घ्या. "सोयाबीनले बीबीएफ लावलं त जास्तीचं पाणी सरीतून निघून जाते अन् झाड गादीवर उभं राहते" हे एका दमात बोललं जातं, पण एका दमात वाचलं जात नाही. आधी "जास्तीचं पाणी सरीतून निघून जाते", मग "झाड गादीवर उभं राहते". प्रत्येक पाटी निदान तीन सेकंद राहू द्या. वऱ्हाडी तशीच ठेवा, वाचणारा आपलाच आहे.

आता देवनागरीची भानगड. काही एडिटिंग अ‍ॅप्सना आपली अक्षरं जुळवता येत नाहीत. आधी "किती" आणि "यंत्र" टाइप करून पाहा. वेलांटी क च्या उजवीकडे गेली किंवा "त्र" फुटून पाय मोडलेला त दिसला, तर त्या अ‍ॅपमध्ये मजकूर लिहू नका. जिथे नीट दिसतं तिथे पाटी बनवा, पारदर्शक PNG करून व्हिडिओवर ठेवा. फॉन्ट जाड घ्या, मुक्ता किंवा बालू चालतो. दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रांना टेकतात. मागे हिरवं वावर असल्यामुळे नुसतं पांढरं अक्षर हरवतं, त्यामागे काळी पट्टी द्या.

रील म्हणून उभा व्हिडिओ चालवणार असाल, तर खालचा सुमारे ३५ टक्के भाग मोकळा सोडा. १९२० पिक्सेल उंचीत ते ६७२ होतात. तिथे नाव, मजकूर आणि बटण येतं. वरचा १४ टक्केही सोडा. बरेच जण मोबाइल नंबर नेमका तळाशी टाकतात आणि तोच झाकला जातो. नंबर मधोमध, पाच-पाच आकड्यांत तोडून, शेवटचे चार सेकंद ठेवा.

बोलण्याच्या ओळींची वेगळी SRT फाइल जोडली तर ती दिसणं पाहणाऱ्याच्या सेटिंगवर असतं, म्हणून मी मजकूर व्हिडिओतच घालतो. दोन्ही केलं तर ओळी एकावर एक चढतात.

टाकण्याआधी आवाज बंद करून, भर उन्हात, व्हिडिओ न पाहिलेल्या एखाद्याच्या हाती फोन द्या. काय भाड्याने आहे, कुठे आणि फोन कोणता, हे त्याने न अडखळता सांगितलं की टाका.