ठिबकच्या फिल्टर सफाईचा व्हिडिओ किती मिनिटांचा असावा?

प्रश्न: शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायला ठिबकचा जाळीचा फिल्टर साफ करायचा व्हिडिओ केलाय. ९ मिनिटांचा झालाय. किती ठेवू, काय काढू?

उत्तर: अडीच ते तीन मिनिटं. हा व्हिडिओ माणूस फिल्टरपाशी उभा राहून, ओल्या हातांनी बघणार आहे. फक्त कृतीची वाक्यं लिहा, हातानं काम करत मोठ्यानं वाचा आणि घड्याळ लावा. तीच खरी लांबी.

लोगो, स्वतःची ओळख आणि ठिबकचे फायदे सरळ काढा, त्याच्याकडे ठिबक आहेच. फिल्टरचे प्रकार वेगळ्या व्हिडिओत घ्या. जाळी ब्रशने घासणं ५ सेकंदांत कळतं.

दोन जागी मात्र कात्री लावू नका. पंप बंद करून दाबमापकाचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबणं दाखवाच, नाहीतर दाब असतानाच कुणी झाकण उघडेल. दुसरी जागा रबरी रिंगची: ती खाचेत नीट बसलेली जवळून, ५-६ सेकंद स्थिर दाखवा. इथे घाई केली की झाकणातून पाणी गळतं आणि लोक जाळीलाच दोष देतात.

मग हे काम कधीच न केलेल्या एकाला फिल्टरपाशी उभं करून व्हिडिओ द्या. तो जिथे मागे नेऊन पाहील, तिथे वेळ वाढवा.